मायना

पत्राला मायना लागतो हे मला शाळेने शिकवायच्या आधी घरी येणाऱ्या पोस्टकार्डांनी शिकवले. वडीलधाऱ्यांस ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’, बरोबरीच्यांस ‘सप्रेम नमस्कार’, धाकट्यांस ‘अनेक उत्तम आशीर्वाद’. कार्डावर जागा बेताची, म्हणून कोणा शहाण्याने त्याचे ‘सा. न. वि. वि.’ केले. चार अक्षरांत वाकून नमस्कार होई आणि पेन सरळ मुद्द्यावर येई. प्राचीन रोमन लोकही ‘तू बरा असलास तर ठीक, मी बरा आहे’ हे पत्रारंभी आद्याक्षरांतच उरकीत असत.

आता ई-मेल आला, आणि तिथे जागेला तोटा नाही. साहजिकच मायना पुन्हा लांबला. ‘आपण व आपले कुटुंबीय सर्व कुशल असाल अशी आशा करते,’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे ठोकत आले. आमच्या शाळेत परीक्षेचे गुण गोळा करण्याचे काम माझ्याकडे असते. चौघा शिक्षकांना एकच मजकूर धाडायचा, नाव तेवढे बदलायचे.

मागल्या वर्षी असाच एक मेल मी विज्ञानाच्या सरांना पाठवला. त्यांचे वडील वारून तेरा दिवसही झाले नव्हते. मला ते ठाऊक होते. अंत्यदर्शनाला मी गेलेही होते! जुन्या काळी अशुभाच्या पत्रावर ‘श्री’ लिहीत नसत, इतके भान माणसे लेखणी उचलताना ठेवीत. मी मात्र त्या घरी ‘सर्व कुशल असाल’ असे विचारून मोकळी झाले होते. सरांनी गुण पाठवले, वर एक शब्दही नव्हता.

मला लाज वाटली, आणि राग आला तो त्या वाक्याचा. ते खोटे होते का? ‘सा. न. वि. वि.’ लिहिणारा तरी कुठे साष्टांग पडत होता? पण नमस्कार ही क्रिया आहे; तो लिहिला की घडला. ‘कुशल असाल’ हे मात्र चौकशीचे सोंग आहे, कारण उत्तर मला नकोच असते. कोणी खरेच गुडघ्याचे दुखणे सविस्तर कळवले, तर मी म्हणेन, गुण कुठे आहेत?

शिवाय एक व्यावहारिक गोष्ट. फोनवर टपाल आले की नावाखाली विषय आणि त्याखाली मजकुराचे पहिले काही शब्द दिसतात. तिथे ‘आपण व आपले कुटुंबीय’ एवढेच दिसले, की घाईतला माणूस ‘सवडीने पाहू’ म्हणतो.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. ‘दहावी ब चे गुण अद्याप आलेले नाहीत.’ झाले! संस्कृतच्या बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. वाक्यात खोटे काही नव्हते, पण पहिल्याच ओळीत ‘नाहीत’ आले की ते आरोपपत्र होते. तोंडी हेच मी हसत म्हटले असते. कागदावर हसू उमटत नाही.

हल्ली मी असे करते. त्या माणसाशी जोडलेली एखादी खरी, ताजी गोष्ट असेल तरच ती लिहिते, आणि त्याच दमात काम सांगते. ‘बाई, काल माझा तास तुम्ही सांभाळलात, म्हणून मुलीला डॉक्टरांकडे वेळेवर नेता आले. दहावी ब चे तोंडी परीक्षेचे गुण शुक्रवारी चारपर्यंत द्याल का?’ हेच वाक्य दुसऱ्या कोणाला जसेच्या तसे चालेल का, असे मनाशी विचारते. चालत असेल तर खोडते. तशी गोष्ट नसेल, तर नाव, नमस्कार आणि काम. त्यात उणेपणा नाही. मेलची प्रत मुख्याध्यापकांना जाणार असेल, तर मुलीचे दुखणे आणि बाईंचा उपकार दोन्ही वगळते. दोघींमधली गोष्ट तिसऱ्यापुढे वाचली की तिची खुशामत होते.

आणि दुःखाच्या घरी? सांत्वन आणि मागणी एका मेलमध्ये घालीत नाही. ‘आपल्या दुःखात सहभागी आहे, तरी गुण पाठवावेत’ यातला ‘तरी’ मला सहन होत नाही. सांत्वन हा कामाआधी भरलेला जकातीचा पैसा होतो. ते प्रत्यक्ष भेटून करावे, किंवा वेगळे लिहावे, ज्यात काहीच मागितलेले नसेल.

यंदा विज्ञानाच्या सरांना लिहिताना बोटे अडखळली. शेवटी लिहिले : ‘सर, स. न. वि. वि. प्रात्यक्षिकांचे गुण शुक्रवारी चारपर्यंत हवेत. वही मोठी आहे; भरायला मी बसू का?’ सरांचे उत्तर तासाभरात आले. ‘बाई, सा. न. वि. वि. भरून झाले आहेत.’ सोबत यादी. तिच्यात एका मुलाचा रकाना रिकामा होता. मी लगेच उलट लिहिले, ‘सतरा नंबर?’ एवढेच, चालू संभाषणात पुन्हा नमस्कार कशाला?

‘गैरहजर,’ सरांनी कळवले.