हलवायाच्या घरावरची किल्ली

वॅले पार्किंगसाठी काही गाड्यांबरोबर एक वेगळी किल्ली मिळत असे. तिने गाडी सुरू व्हायची, चालायची, पण डिकी आणि समोरचा कप्पा उघडायचा नाही. संकेतस्थळांवर ‘गूगलने लॉगिन करा’ असं बटण दिसतं, त्यामागच्या ओऑथ या पद्धतीची ओळख करून देताना हमखास याच किल्लीचा दाखला देतात. दाखला चांगला आहे. मला खटकतं ते एवढंच, की त्यात गाडी आपली स्वतःची असते.

ओऑथ येण्याआधी, म्हणजे २००७च्या सुमारापर्यंत, नवी संकेतस्थळं ‘तुमचे मित्र शोधून देतो’ म्हणत सरळ ईमेलचा पासवर्डच मागत आणि लोक तो देत. आता तसं होत नाही. समजा, मेलमधली बिलं वाचून महिन्याचा हिशेब मांडणारं एखादं ॲप आहे. बटण दाबलं की ते आपल्याला `accounts.google.com` वर पाठवतं. पासवर्ड टाकायचा तो तिथे, गूगलच्या दारात. ॲपला तो दिसत नाही. मग गूगल विचारतं : हे ॲप तुमचे मेल वाचू इच्छितं, चालेल? ‘हो’ म्हटलं की ॲपला एक चिठ्ठी मिळते. ती आणि आपली स्वतःची ओळख दाखवून ॲप गूगलकडून टोकन घेतं. हीच ती किल्ली. ती साधारण तासाभरात निकामी होते, पण सोबत नवी किल्ली घडवून घेण्याचा परवानाही दिलेला असू शकतो. आपण तो रद्द करेपर्यंत मग ॲपची ये-जा चालू राहते.

या किल्लीवर कोरलेलं असतं `gmail.readonly`. म्हणजे मेल वाचता येतील, पाठवता किंवा पुसता येणार नाहीत. मर्यादा खरीच आहे. पण ‘फक्त बिलं’ अशी किल्ली या कुलुपाला नाही. विजेच्या बिलाशेजारी बहिणीने घटस्फोटाबद्दल लिहिलेलं पत्र आहे, मित्राने पाठवलेले तपासणीचे रिपोर्ट आहेत. त्या दोघांना कुणी काही विचारलं नाही. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावं, तशी मी त्यांच्या वतीने संमती देऊन मोकळा होतो.

हे किती दूर जाऊ शकतं, ते फेसबुकवर दिसलं. केंब्रिजमधले संशोधक अलेक्झांडर कोगन यांचं `thisisyourdigitallife` हे व्यक्तिमत्त्वचाचणीचं ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतलं. त्या काळी फेसबुक अशा ॲपला वापरकर्त्याच्या मित्रांचीही माहिती देत असे : गाव, काय आवडतं, वगैरे. ती केंब्रिज ॲनालिटिकाकडे गेली. २०१८मध्ये फेसबुकनेच सांगितलेला आकडा होता ८ कोटी ७० लाखांपर्यंत, म्हणजे ‘हो’ म्हणणाऱ्या एकेका माणसामागे सरासरी तीनशेवर माणसं. भारतात हे ॲप घेणारे होते ३३५. माहिती गेली असण्याची शक्यता होती ५ लाख ६२ हजारांवर लोकांची.

यात कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता, कुलूप फुटलं नव्हतं. किल्लीने तिच्यावर कोरलेलंच काम केलं. मित्रांनी आपली सेटिंग्ज बंद ठेवली असती तर माहिती गेली नसती, हा बचाव मला पटत नाही. शेजाऱ्याने माझ्या घराची किल्ली वाटू नये, म्हणून मी आधी अर्ज करून ठेवायचा का?

उलट बाजूने विचारता येईल, की आलेलं पत्र मिळणाऱ्याचं नाही का? आहेच. बहिणीचं पत्र मी बायकोला दाखवतो, तेव्हा बहिणीची परवानगी घेत नाही. पण तेव्हा कुठलं पत्र, कुणाला, कशासाठी हे मी ठरवतो आणि चुकलो तर बहिणीला तोंड द्यायला मीच उभा असतो. किल्ली देताना हे ठरवणंच मी दुसऱ्यावर सोपवतो. त्या गठ्ठ्यात काय काय आहे, हे मलाही आठवत नसतं.

शिवाय किल्ली परत घेता येते, नेलेलं नाही. गूगलच्या खात्यात जोडलेल्या ॲपची यादी असते आणि तिथून परवाना रद्द होतो. पण ॲपने उतरवून घेतलेल्या प्रती त्याच्याकडेच राहतात. माहिती पुढे गेल्याची बातमी २०१५च्या डिसेंबरात आली, तेव्हा फेसबुकनेही ती पुसल्याची लेखी हमी मागून घेतली होती. दारं तर त्याच वर्षी एप्रिलअखेर जुन्या ॲपनाही बंद झाली होती.

म्हणून मी माझ्यापुरता एक फरक करतो. किल्ली माझं नाव आणि ईमेलचा पत्ता एवढंच उघडत असेल, तर बिनधास्त देतो. मेल मागणाऱ्याला देत नाही. बिलं हातानेच नोंदवतो. अडतो तो संपर्कयादीपाशी. ते नंबर इतरांचे आहेत, पण ती यादी हलवायची नाही म्हटलं, तर ज्या कंपनीकडे ती आहे तिच्याच दारात मी कायमचा बांधला जातो. गेल्या महिन्यात फोन बदलताना मी तीनशे-साडेतीनशे नावं न विचारता नव्या खात्यात नेली. विचारायचं तर प्रत्येकाला फोन करावा लागला असता, आणि त्यासाठी आधी ती यादी लागलीच असती.