दुआ शिकवली कोणाला, फाटक बंद कोणाला

एका तालुक्याच्या गावी कबरस्तानाच्या फाटकावर एक पाटी आहे. वरच्या अर्ध्या भागात हिरव्या रंगात कबरस्तानात शिरताना म्हणायची दुआ, आधी अरबीत आणि मग देवनागरीत. खालच्या अर्ध्या भागात लाल रंगात, हिंदीत, एकच वाक्य : औरतों का दाखला सख्त मना है. अशा पाट्या नव्या नाहीत, गावोगावी दिसतात. पाटी रंगवून घेणाऱ्या कमिटीला वरचा आणि खालचा मजकूर एकमेकांशी भांडतोय असं वाटलं नसावं. पण तो भांडतो. वरची दुआ ज्या हदीशींमधून आपल्यापर्यंत आली, त्यांतली सर्वांत तपशीलवार हदीस एका बाईच्या प्रश्नावर संपते.

पाटीवरची दुआ बुरैदा यांच्या हदीशीतली आहे आणि ती ‘सहीह मुस्लिम’मध्ये येते : अस्सलामु अलैकुम अहलद्दियारि मिनल मुअमिनीन वल मुस्लिमीन, व इन्ना इन्शाअल्लाहु बिकुम लाहिकून, नस्अलुल्लाह लना व लकुमुल आफियह. म्हणजे, या वस्तीतल्या श्रद्धावंतांनो आणि मुसलमानांनो, तुम्हाला सलाम. अल्लाहची मर्जी असेल तेव्हा आम्हीही तुम्हाला येऊन मिळणार आहोत. आमच्यासाठी आणि तुमच्यासाठी आम्ही अल्लाहकडे क्षेमकुशल मागतो. एवढंच. सलाम मृतांना, मागणं मात्र अल्लाहकडे, आणि तेही आधी स्वतःसाठी, मग त्यांच्यासाठी. मरण तर अटळ, मग ‘अल्लाहची मर्जी असेल तर’ कशाला, असा प्रश्न जुन्या भाष्यकारांनाही पडला होता. कोणी म्हणालं, हा बोलण्यातला अदब आहे. कोणी म्हणालं, मर्जीचा प्रश्न मरणाचा नाही, श्रद्धा टिकवून मरण्याचा आहे. मला दुसरं उत्तर जवळचं वाटतं, कारण त्यात म्हणणाऱ्याची स्वतःबद्दलची धास्ती आहे आणि या दुआचा सगळा रोख म्हणणाऱ्याकडेच आहे. आपल्याकडे जास्त पाठ असते ती तिर्मिजीच्या संग्रहातली दुआ. तिच्यात मृतांना ‘तुम्ही आमच्या पुढे गेलात, आम्ही मागून येतोय’ असं सांगितलं जातं. शब्द वेगळे, आशय तोच.

आता बाईचा प्रश्न. हजरत आयेशांनी स्वतः सांगितलेली ही हकिगत मुस्लिमच्याच संग्रहात आहे. एका रात्री त्या झोपल्यात असं समजून पैगंबरांनी हळूच चादर घेतली, हळूच पायताण घातलं, दार हळूच उघडलं आणि हळूच लावून घेतलं. आयेशांना संशय आला. त्याही कपडे करून मागोमाग निघाल्या. पैगंबर मदिनेच्या बकी कबरस्तानात गेले, बराच वेळ उभे राहिले, तीनदा हात उचलून दुआ मागितली आणि परत फिरले. आयेशाही फिरल्या. ते भरभर चालू लागले, तशा त्याही. ते पळू लागले, तशा त्याही पळाल्या आणि आधी घर गाठून अंथरुणावर पडल्या. दम लागलेला लपेना. मग सगळं उघड झालं. बकीतल्या लोकांसाठी क्षमा मागण्याचा निरोप घेऊन जिब्रईल आले होते, असं पैगंबरांनी सांगितलं. त्यावर आयेशांनी विचारलं : मी त्यांच्यासाठी काय म्हणू? आणि पैगंबरांनी त्यांना सलामाची दुआ शिकवली. तिच्यात आपल्यातल्या पुढे गेलेल्यांवर आणि मागे राहिलेल्यांवर अल्लाहने दया करावी, अशी एक ओळ जास्त आहे.

‘तू तिथे यायचं नाहीस’ असं उत्तर द्यायला यापेक्षा सोयीची वेळ नव्हती. बायको रात्री, न सांगता, मागोमाग कबरस्तानापर्यंत आली होती. पैगंबरांनी रागावायचं ते अविश्वासाबद्दल रागावले, कबरस्तानाबद्दल नाही. तेराव्या शतकात मुस्लिमच्या संग्रहावर भाष्य लिहिताना इमाम नववी इथे थांबतात आणि लिहितात की स्त्रियांची जियारत ज्यांना मान्य आहे त्यांच्यासाठी हा पुरावा आहे. आपल्या शाफिई पंथात याबाबत हराम, मकरूह आणि मुबाह अशी तिन्ही मतं असल्याचंही ते प्रामाणिकपणे नोंदवतात. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफिई. त्यांच्या गावात अशी पाटी लागली तर ती तिघांतलं एक मत सांगते, इस्लामचा एकमेव हुकूम नव्हे.

इतिहासातलं जे वळण बहुतेक जण चुकीचं वाचतात, ते याच्याही आधीचं आहे. सुरुवातीला पैगंबरांनी कबरींच्या जियारतीला सर्वांनाच मनाई केली होती. छाती पिटून आक्रोश करणं, मृताच्या कुळाच्या बढाया मारणं, हे अज्ञानकाळातलं वळण मोडायचं होतं. पुढे ती मनाई उठली. बुरैदांच्या हदीशीत पैगंबर म्हणतात की मी तुम्हाला कबरींच्या जियारतीपासून रोखलं होतं, आता जा. एवढा तुकडा सगळ्यांना पाठ असतो. तिथेच आणखी दोन परवानग्या आहेत, त्यांची आठवण कोणाला नसते. कुर्बानीचं मांस तीन दिवसांहून जास्त ठेवू नका, असं सांगितलं होतं, आता ठेवा. ठरावीक भांड्यांत खजुराचं पेय भिजवू नका, असं म्हटलं होतं, आता कोणतंही भांडं वापरा, फक्त नशा आणणारं पिऊ नका. तिन्ही परवानग्या एका दमात, एकाच समूहाला उद्देशून. बाईने कुर्बानीचं मांस चौथ्या दिवशी ठेवलं तर ते हराम, असं आजवर कोणी म्हटलेलं माझ्या वाचनात नाही. मग तीनपैकी एकच परवानगी पुरुषांपुरती कशी होते?

याला उत्तर म्हणून दुसरी हदीस पुढे केली जाते : कबरींना वारंवार भेटी देणाऱ्या स्त्रियांवर पैगंबरांनी शाप उच्चारला. ही हदीस तिर्मिजीने दिली आहे आणि तिच्याखाली स्वतःची टीपही दिली आहे. पाटी रंगवणाऱ्यांनी हदीस घेतली, टीप सोडली. नवव्या शतकातला हा संग्राहक लिहितो की काही विद्वानांच्या मते हा शाप परवानगीच्या आधीचा आहे आणि परवानगी मिळाली तेव्हा पुरुष आणि स्त्रिया दोघेही तिच्यात आले. दुसऱ्या काहींनी स्त्रियांच्या जियारतीला नापसंती दर्शवली, ती त्यांच्यात धीर कमी आणि आक्रोश जास्त असतो म्हणून. म्हणजे नापसंतीच्या बाजूनेही कारण दिलं जात होतं ते वागणुकीचं. पुढच्या शतकांत कारण मागे पडलं आणि मनाई उरली. वागण्याला लावलेला नियम माणसाला चिकटला.

वागण्याचा नियम माणसाला चिकटवायचा नाही, हे पैगंबरांनी एकदा करून दाखवलं होतं. अनस यांची हदीस बुखारीत आहे. एक बाई कबरीपाशी बसून रडत होती. पैगंबर तिथून जाताना म्हणाले, अल्लाहचं भय धर आणि धीर ठेव. तिने ओळखलं नाही. बाजूला व्हा, माझ्यावर आलेलं तुमच्यावर आलेलं नाही, असं ती म्हणाली. मग कोणीतरी सांगितलं की ते कोण होते. ती धावत त्यांच्या दारी गेली. दारावर पहारेकरी नव्हते. ओळखलं नाही, असं ती म्हणाली, तेव्हा उत्तर मिळालं की खरा धीर पहिल्या आघाताच्या वेळचा. तिला धीराबद्दल दोनदा सांगितलं गेलं. तिथे बसल्याबद्दल एकदाही नाही.

विरोधी बाजूचंही ऐकायला हवं. आयेशांना शिकवलेली दुआ वाटेने जाता जाता म्हणण्यापुरती होती, असं काही जण म्हणतात. पण आयेशा स्वतः मक्केत भाऊ अब्दुर्रहमान यांच्या कबरीवर गेल्या होत्या. तुझ्या मृत्यूच्या वेळी मी हजर असते तर आता आले नसते, हे त्यांचे तिथले शब्द मनाईवाले पुढे करतात. मात्र जियारत मना नव्हती का, असं इब्न अबी मुलैकांनी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी उत्तर दिलं की मनाई होती, मग जायला सांगितलं गेलं. मनाईच्या बाजूची आणखी एक हदीस उम्मे अतिय्यांची आहे : आम्हाला जनाज्यामागे जायला मना केलं, पण सक्तीने नाही. ती जनाज्याबद्दल आहे, जियारतीबद्दल नाही. आणि सक्तीची नव्हती, हे त्याच हदीशीत आहे. फाटकावरचा ‘सख्त’ कुठून आला, कमिटीने सांगावं.

पुढची वाटचाल थोडक्यात. अकराव्या शतकातले हनफी विद्वान सरखसी सवलत पुरुष आणि स्त्रिया दोघांनाही आहे हे मत जास्त योग्य ठरवतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दमास्कसचे इब्न आबिदीन अटी घालतात : शोक ताजा करायला, आक्रोशाला जाणं नको, बोध घ्यायला आणि दया भाकायला वयस्कर स्त्रिया गेल्या तर हरकत नाही, तरुणींनी जाणं नापसंत. आणि मग एक गंमत. दर्ग्यांवरून ज्यांच्या अनुयायांचं आजही पटत नाही, ते दोघे इथे एका बाजूला आहेत. कबरींसाठी मुद्दाम प्रवास करण्याला विरोध केला म्हणून दमास्कसच्या किल्ल्यात कैद झालेले आणि १३२८ मध्ये तिथेच वारलेले इब्न तैमिया स्त्रियांच्या जियारतीच्या विरोधात होते. त्यांनी पुरुषांची साधी जियारत कधी नाकारली नाही, हे त्यांचे विरोधक सहसा सांगत नाहीत. आणि दर्गा-परंपरेचे मोठे कैवारी, बरेलीचे अहमद रजा खान यांनी स्त्रियांना कबरींपासून रोखण्यासाठी स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इतके दूरचे लोक एकाच निष्कर्षाला येतात, तेव्हा दलीलीपेक्षा सवय बोलत असावी, असं मला वाटतं.

कबरस्तानात कसं वागायचं, हे हदीशींनी नेमकं सांगितलं आहे. कबरीवर बसू नये. निखाऱ्यावर बसून कपडे जळून कातडीपर्यंत चटका बसला तरी ते त्याहून बरं, इतक्या कडक शब्दांत सांगितलं आहे. कबरीकडे तोंड करून नमाज पढू नये. कबरीला चुन्याचा गिलावा करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये. कबरींमधून पायताण घालून चालणाऱ्या एका माणसाला पैगंबरांनी ते काढायला लावलं होतं. दुसऱ्या हदीशीत दफन करून परतणाऱ्यांच्या पायताणांचा आवाज मृताला ऐकू येतो असं आहे, म्हणून पायताणाबाबत विद्वानांत मतभेद राहिले. हनफी पुस्तकं सलाम करताना मृताच्या चेहऱ्याकडे तोंड करायला सांगतात. यातला एकही नियम बाई की पुरुष हे विचारत नाही, आणि ज्याला पायताण काढायला लावलं तो पुरुष होता. शबे-बरातीला गर्दीत कबरींवर पाय देत जाणारे, दफन चालू असताना जुन्या कबरीच्या चौथऱ्यावर टेकून फोनवर बोलणारे बहुतेक पुरुषच असतात, कारण आत तेच असतात. त्यांच्यासाठी पाटी नाही.

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यात मजारीजवळ स्त्रियांना बंदी घातली गेली, तेव्हा पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांचं असणं मोठं पाप आहे, असं ट्रस्टचं म्हणणं होतं. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या दोघींनी दाद मागितली. २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाविरोधी ठरवली. ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबरमध्ये त्यानेच तिथे सांगितलं की स्त्रियांना पुरुषांइतकंच आत येऊ देऊ. त्याच वर्षी ते सुरूही झालं.

गावच्या कबरस्तानासाठी एवढंही लागत नाही. कमिटीची एक बैठक आणि रंगाचा एक डबा पुरे. लाल ओळ पुसून तिथे ‘कबरीवर बसू नका, कबर तुडवू नका, आक्रोश करू नका’ असं लिहावं, आणि ते आत येणाऱ्या प्रत्येकासाठी असावं. वरची दुआ आहे तशीच राहू द्यावी. ती बरोबर लिहिलेली आहे.