घसा दुखतोय की आवळतोय?

घशाची कुठलीही तक्रार आपल्या घरांत एकाच वाटेने जाते. मिठाच्या गुळण्या, हळदीचं दूध, ज्येष्ठमध, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर औषधाच्या दुकानातून आणलेली गोळी. संसर्गाने घसा धरला असेल तर यात फारसं बिघडत नाही. पण ॲलर्जीने घसा सुजत असेल, तर या उपचारांत गेलेली वीस मिनिटं जिवावर बेतू शकतात.

समजा, तिशीतल्या एका बाईंचा घसा दोन दिवस दुखतोय. गिळताना कळ येते, अंगात कणकण आहे, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात. हा संसर्गच. घरात उरलेली अमोक्सिसिलिनची गोळी त्या घेतात. वीसेक मिनिटांत तळहातांना खाज सुटते, टाळू चुणचुणतो, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. त्या सारख्या खाकरतात, आवाज जड होतो. घरचे म्हणतात, "घसा जास्तच धरलाय, गरम पाणी घे." घसा आधीपासून आजारी असल्यामुळे नव्या लक्षणालाही जुनंच कारण चिकटवलं जातं. मला ही चूक सगळ्यांत घातक वाटते.

दोन्हींतला फरक वेगात आहे. संसर्गात जंतू वाढायला आणि शरीराच्या पांढऱ्या पेशी त्यांच्याशी लढायला वेळ लागतो. म्हणून दुखणं तासातासाने, दिवसादिवसाने चढतं आणि बहुधा ताप सोबत आणतं. ॲलर्जीत शरीर आधीच तयार असतं. त्या पदार्थाशी पूर्वी गाठ पडलेली असते आणि त्याला ओळखणारी प्रतिपिंडं विशिष्ट पेशींवर बसलेली असतात. पदार्थ पुन्हा आला की या पेशी हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात आणि घशाचं मऊ अस्तर फुगतं. हे काही मिनिटांत, बहुतेक वेळा दोन तासांच्या आत घडतं. ताप नसतो, दुखणंही फारसं नसतं. असते ती खाज, चुणचुण आणि आवळल्याची जाणीव. सोबत अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात, पोटात कळ येऊन उलटी होते किंवा चक्कर येते. पित्त उठलं नाही म्हणून ॲलर्जी नाही, असं मात्र समजू नये.

अळू किंवा सुरण नीट शिजला नाही तर घसा खवखवतो, ती ॲलर्जी नव्हे. त्यातले ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात, आणि ते पंगतीतल्या प्रत्येकालाच टोचतात. कोळंबी खाल्ल्यावर एकट्याचाच घसा चुणचुणत असेल, तर गोष्ट वेगळी. कोळंबीतलं ॲलर्जी आणणारं मुख्य प्रथिन शिजवल्यानेही नष्ट होत नाही.

वेगाचा हा नियम एका ठिकाणी फसतो. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या एनालाप्रिल, रामिप्रिल यांसारख्या गोळ्यांनी जीभ, ओठ, घसा सुजू शकतो, तोही गोळी महिनोन्महिने, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालल्यावर. त्यात खाज नसते, पित्त नसतं, आणि ॲलर्जीच्या नेहमीच्या औषधांना ती सूज फारशी दाद देत नाही. म्हणून रोजच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना सांगितलीच पाहिजेत. उलट बाजूने, संसर्गानेही क्वचित श्वासनलिकेच्या तोंडावरची झडप सुजते. खूप ताप, लाळ गळणं, दबलेला आवाज ही तिची खूण. तीही तातडीचीच बाब आहे.

आता त्या बाईंकडे वळू. खाज आणि आवळणारा घसा एकत्र आले, तेव्हा त्यांना गरज होती ॲड्रेनालिनची. प्रौढांना 0.5 मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. सूज उतरवणारं आणि रक्तदाब सावरणारं पहिलं औषध तेच. गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. सेटिरिझिनची गोळी खाज कमी करते, मिटत चाललेला घसा उघडत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनला परिणाम दाखवायला काही तास लागतात. म्हणून गोळी देऊन वाट पाहत बसू नये, 108 ला फोन करावा. रुग्णाला आडवं ठेवून पाय उंच करावेत. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर बसू द्यावं, पण उठवून चालवू नये, कारण रक्तदाब अचानक कोसळू शकतो. बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यात थांबावं. हीच लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

दवाखान्यात पोहोचल्यावर नुसतं "घसा दुखतोय" म्हणू नका. "अमुक गोळी घेतली, वीस मिनिटांत घसा आवळला" असं सांगा, आणि गोळीचं पाकीट सोबत न्या.