आईचा नंबर, बाबांच्या नावावर

घरातला कर्ता माणूस गेला की दिवसकार्य उरकायच्या आत कुणीतरी म्हणतं, ‘त्यांचं कनेक्शन बंद करून टाकू, उगीच बिल चढतंय.’ या सरळ हेतूच्या वाक्यामागे एक अन्याय दडलेला असतो. बाबांच्या नावावर फॅमिली पोस्टपेड आहे आणि एकाच बिलात तीन नंबर आहेत, असं समजा. एक त्यांचा, एक आईचा, एक मुलाचा. बारा वर्षं आईला माहेरचे, भिशीच्या बायका, डॉक्टर सगळे ज्या नंबरवर फोन करतात, तो कागदोपत्री तिचा नाहीच, बाबांचा आहे. मुलगा कंपनीच्या गॅलरीत जाऊन ‘अकाउंट बंद करा’ म्हणाला, तर तिघांचेही नंबर एकदम बंद होऊ शकतात. जिचा नवरा गेला, तिचा नंबरही त्याच आठवड्यात जातो. नंबर जो वापरतो त्याच्या नावावर असावा, आणि हे काम माणूस हयात असतानाच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कारण हयातीत हे काम अगदी किरकोळ असतं. थकबाकी भरायची, देणाऱ्याने ना-हरकत लिहून द्यायची आणि घेणाऱ्याने ओळखपत्र, फोटो देऊन नवा ग्राहक अर्ज भरायचा. नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं. मृत्यूनंतर ना-हरकत द्यायला तो माणूस नसतो. त्याच्या सहीच्या जागी मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा किंवा नात्याचा पुरावा आणि बऱ्याचदा इतर वारसांची संमती लागते. भावंडांत बोलणं बंद असेल तर आईचा नंबरही त्या अबोल्यात अडकतो. आपल्या नावावर किती नंबर आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’वर दिसतं. वडिलांनी ती यादी बायको-मुलांसमोर उघडली, तर निम्मा गुंता तिथेच सुटेल.

यावर लोक म्हणतात, ‘बिल तर वेळेवर भरतोय, नाव कुणाचंही असो, बिघडलं काय?’ बिघडतं ते बिलातच. बिल बहुधा बाबांच्या खात्यातून किंवा कार्डावरून आपोआप कापलं जात असतं. बँकेला मृत्यू कळला की खात्याचे व्यवहार थांबतात आणि बिल थकतं. आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, शेवटी नंबरच. बिल थकल्याचे निरोप येतात ते बाबांच्या फोनवर, आणि तो कपाटात बंद पडलेला असतो. म्हणून आईच्या फोनवरून कॉल लागेनासा झाला, तर नेटवर्कला दोष देण्याआधी बिल पाहावं. बंद झालेला नंबर किमान 90 दिवस नव्या ग्राहकाला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. त्यानंतर मात्र तो परक्याच्या हाती जाऊ शकतो.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. ‘बाबांचा नंबर त्यांच्याच नावावर चालू ठेवला तर ओटीपी येतात, बँकेची कामं भराभर होतात.’ इथे मला कठोर व्हावंसं वाटतं. ओटीपी ही आजची सही आहे. गेलेल्या माणसाच्या फोनवरचा ओटीपी टाकून त्याच्या खात्यातून पैसे काढणं म्हणजे त्याची सही आपण करणं. आईच्या औषधाला पैसे लागतात म्हणून केलं, तरी त्या पैशांवर बहिणीचाही हक्क असू शकतो आणि तिला न विचारता तो वापरला जातो. नॉमिनीने दाखल्यासह मागणी केली की बँक रक्कम देते. नॉमिनी ती सगळ्या वारसांच्या वतीने स्वीकारतो, मालक म्हणून नव्हे.

मग बाबांच्या नंबरचं काय करावं? तो लगेच बंद करू नये, असंच मी सांगेन. आधी आईचा आणि मुलाचा नंबर ज्याच्या त्याच्या नावावर करून घ्यावा, मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच जास्त प्रती काढाव्यात आणि बँक, विमा, गॅस एजन्सीला रीतसर कळवावं. ही कामं होईपर्यंत बाबांचा नंबर वारसाने स्वतःच्या नावावर घेऊन स्वस्तातल्या प्लॅनवर ठेवावा, म्हणजे एखादी विसरलेली ठेव किंवा हप्ता त्यावर येणाऱ्या निरोपातून कळतो. कुणाला तो नंबर आठवण म्हणून हवा असतो, आणि त्यात काहीच गैर नाही. फक्त तो आपल्या नावावर घेऊन जपावा. त्याच नंबरवरून बाबांच्या फोटोसह ‘शुभ सकाळ’ गेलं, तर पलीकडच्या म्हाताऱ्या मित्राचा हात क्षणभर थांबतो. ग्रुपमध्ये एकदा सांगून तो फोटो बदलणं, एवढं त्या मित्राचं आपण देणं लागतो.