चिट त्याची होती

माझा मित्र परीक्षेत चिटसकट पकडला गेला, तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं? बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. काळजी, भीती, त्याच्या आईला आता कोण सांगणार हा विचार, हे सगळं नंतर आलं. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही, कारण त्या प्रसंगात मी तत्त्वाने वागलो असा माझा लौकिक आहे आणि तो मी बरीच वर्षं जपून वापरला आहे.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. आम्ही नागपूरच्या जरीपटक्यातले. त्याचं घर सिंधी, फाळणीनंतर आजोबा सिंधमधून इथे आले तेव्हापासूनचं. माझं मराठी, वडिलांच्या नोकरीपायी तालुक्याच्या गावाहून आलेलं. बाजारात त्याच्या घरचं कापडाचं दुकान. शाळेपासून एकत्र, बी.कॉम.लाही एकत्र. अकाउंट्समध्ये तो नेहमी माझ्या पुढे. मी गणितं पुन्हा पुन्हा सोडवायचो, तो संध्याकाळी गल्ल्यावर बसायचा आणि तरी त्याचा ताळेबंद आधी जुळायचा. मला हे आवडत नव्हतं. मैत्री होती, घट्ट होती, आणि आवडतही नव्हतं. या दोन गोष्टी एकाच माणसात इतक्या सुखाने राहतात याचं मला अजूनही नवल वाटतं.

पेपर कॉस्ट अकाउंटिंगचा होता. गणितं त्याला येत होती. अडायचं ते थिअरीत. मार्जिनल कॉस्टिंग आणि अ‍ॅब्सॉर्प्शन कॉस्टिंग यांतला फरक, ओव्हरहेडचं वर्गीकरण, असं काहीबाही त्याने बोटभर कागदावर बारीक अक्षरात लिहून आणलं होतं. पेपर अर्ध्यावर आला असताना त्याने खिशातून रुमाल काढला, कागद खाली पडला आणि पर्यवेक्षकांच्या बुटापाशी जाऊन थांबला.

पुढे काय होतं ते ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आरडाओरडा फारसा होत नाही. उत्तरपत्रिका काढून घेतात, तीवर वेळ टाकतात, सापडलेला कागद तिला जोडतात. विद्यार्थ्याकडून लेखी जबाब घेतात, सही घेतात. उरलेल्या वेळासाठी नवी उत्तरपत्रिका देतात. पुढचे पेपरही देऊ देतात, पण निकाल राखून ठेवला जातो. मग काही आठवड्यांनी चौकशी समितीपुढे हजर राहण्याचं पत्र येतं. शिक्षेच्या पायऱ्या असतात: त्या एका विषयाचे गुण रद्द, नाहीतर संपूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द, नाहीतर त्याही पुढे आणखी काही परीक्षांना बसायला बंदी. कुठल्या पायरीवर थांबायचं हे ठरवताना समिती काही साधे प्रश्न विचारते. कागद त्या विषयाचा आहे का? अक्षर कुणाचं? आणि मुख्य म्हणजे, कागदावरचा मजकूर उत्तरपत्रिकेत उतरला आहे का? चिट नुसती जवळ असणं आणि तिच्यावरून लिहिणं, दोन्ही गुन्हेच; पण वजन सारखं नाही.

त्याने घाबरून जबाबात लिहिलं, कागद माझा नाही, बाकाखाली आधीपासून पडलेला होता. आणि पत्र आल्यावर तो माझ्याकडे आला. मी त्याच्या मागच्याच बाकावर होतो. ‘तू बस इतना लिख दे यार, की कागद आधीपासून तिथे पडलेला तुला दिसला होता. तुझं ऐकतील.’

मी नाही म्हणालो. मी खोटं लिहिणार नाही, असं म्हणालो. आवाज किती स्थिर होता माझा! तो गेल्यावर मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. घरी वडिलांना सांगितलं, त्यांनी पाठ थोपटली. मित्रमंडळीत दोन तट पडले, आणि माझ्या विरुद्ध बोलणाऱ्यांच्याही नजरेत मला थोडा धाक दिसला. मला तो आवडला.

आता यात चूक कुठे? खोटी साक्ष दिली नाही, हे बरोबरच केलं. आजही तीच वेळ आली तर तेच करीन. शिवाय ते खोटं टिकणारही नव्हतं. इंग्रजी सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ मारायची त्याची सवय होती; चिटवर तसाच सात होता आणि उत्तरपत्रिकेत पानोपानी तसेच सात. समितीला दोन मिनिटं लागली असतील. माझं पत्र जोडलं असतं तर एकाऐवजी दोघे खोटे ठरलो असतो.

पण मला माहीत असलेलं खरं एवढंच होतं का?

त्या सकाळी कॉलेजच्या फाटकाबाहेर त्याने ती चिट मला दाखवली होती. मी ती हातात घेतली होती. वाचली होती. त्यातला एक मुद्दा मला आठवत नव्हता, तो मी तिथेच पाठ केला आणि आत जाऊन लिहिलाही. दुसरं असं, की कागद पडला तेव्हा तो अजून गणितंच सोडवत होता. मागून मला त्याचे आकड्यांचे रकाने दिसत होते. थिअरीला त्याने हात लावलेला नव्हता. म्हणजे चिट होती, त्याचीच होती, पण अजून वापरलेली नव्हती. हे मला ठाऊक होतं, आणि त्याला खरी मदत झाली असती तर नेमकी याच गोष्टीची. मी त्याला म्हणू शकलो असतो, खोटा जबाब मागे घे, चिट माझी होती म्हणून सांग, आणि मीही लिहून देतो की ती मी बाहेर पाहिली होती आणि तू तिच्यावरून काही लिहिलेलं नव्हतं. असं पत्र शंभर टक्के खरं असतं. आणि मित्राच्या बाजूचंही असतं.

ते मी का लिहिलं नाही? कारण त्यात ‘ती मी बाहेर पाहिली होती’ हे वाक्य होतं. समितीने पुढचा प्रश्न मला विचारला असता.

म्हणजे ज्याला मी इतकी वर्षं निष्ठा आणि सत्य यांची ओढाताण म्हणत आलो, ती माझ्या बाबतीत बहुधा झालीच नव्हती. खोटं पत्र मी सत्याच्या नावाने नाकारलं आणि खरं पत्र भीतीच्या पोटी लिहिलं नाही. दोन्ही वेळा वाचलो मीच. आणि असूयेचं काय? ती तर न बोलावताच दोन्ही ठिकाणी हजर होती.

त्याने समितीपुढे आधी नाकारलं, मग कबूल केलं. संपूर्ण परीक्षेची संपादणूक रद्द झाली. खरं आधीच सांगितलं असतं तर शिक्षा एका विषयावर थांबली असती का? मी असं म्हणत नाही. कागद त्याचा होता आणि शिक्षा व्हायलाच हवी होती. पण ती जेवढ्यास तेवढी व्हावी यासाठी जे बोलायला हवं होतं, ते बोलणारा माणूस मागच्या बाकावर गप्प बसलेला होता.

त्यानंतर मी त्याच्या घरी जाणं बंद केलं. हे मला आजही सगळ्यात जास्त टोचतं. कारण याला ना सत्याचा आधार होता ना नियमाचा. खोटी साक्ष देणार नाही म्हणणारा माणूस संध्याकाळी त्याच्या दुकानात जाऊन चहा पिऊ शकतो. त्याला कुठलं तत्त्व आडवं येतं? मी मात्र चेटीचंडच्या मिरवणुकीतही रस्ता बदलला. पुढे 1999 मध्ये नागपूर विद्यापीठातला फेरमूल्यांकनात गुण वाढवण्याचा घोटाळा उघडकीस आला आणि सगळं शहर त्यावर बोलू लागलं, तेव्हा मला तो आठवला. बोटभर चिटीवर त्याचं वर्ष गेलं आणि इथे तर कचेरीत बसूनच गुण वाढवले जात होते. त्या रागात मी जवळजवळ त्याला माफ करून टाकलं होतं. मग लक्षात आलं, की माफी देणारा मी कोण? आणि मोठ्यांच्या पापाने लहानाची चिट धुऊन निघते, असं तरी कुठे आहे?

बऱ्याच वर्षांनी एका जुन्या अभ्यासाबद्दल वाचलं. सॅम्युअल स्टाउफर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1949 मध्ये तो प्रसिद्ध केला होता. हार्वर्ड आणि रॅडक्लिफच्या 196 विद्यार्थ्यांना त्याने कल्पना करायला सांगितली: तुम्ही परीक्षेत पर्यवेक्षक आहात आणि एक विद्यार्थी कॉपी करताना दिसला. काय कराल? पाच पर्याय होते. कागद काढून, बाहेर घालवून तक्रार करणं हा पहिला; काहीच घडलं नाही असं दाखवणं हा शेवटचा; मधे वेगवेगळ्या मापाच्या तडजोडी. मग तोच प्रश्न बदलून: आता तो विद्यार्थी तुमचा खोलीतला सोबती, जिवलग मित्र आहे, आणि तुम्ही त्याला पाहिलं हे तुम्हा दोघांशिवाय कुणालाच कळणार नाही. अपेक्षेप्रमाणे उत्तरं मवाळ झाली. माणसं परक्यासाठी पहिल्या पर्यायाजवळ असतात आणि मित्रासाठी शेवटच्याकडे सरकतात. पण स्टाउफरचं म्हणणं यापेक्षा बारीक होतं. नियम हा एक बिंदू नसतो, तो पट्टा असतो, आणि थोडं इकडेतिकडे सरकायची मुभा असते म्हणूनच माणसं दोन निष्ठा एकदम सांभाळू शकतात.

वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं. मग ते पाचही पर्याय पुन्हा पाहिले. सगळे कागद बाहेर निघाल्यानंतरचे आहेत. पर्यवेक्षकाला त्याआधी काही करताच येत नाही, त्याला बिचाऱ्याला काही माहीत नसतं. मित्राला मात्र माहीत असतं. फाटकाबाहेर घंटा व्हायच्या आधी माझ्यापाशी सहावा पर्याय होता. त्यात ना चुगली, ना खोटी साक्ष. ‘फेक ती चिट, तुझी गणितंच तुला पास करतील,’ एवढंच म्हणायचं होतं. आणि मी काय केलं? ती वाचून परत दिली.

मागच्या दिवाळीत त्याच्या दुकानात हे मी त्याला बोललो. सगळं नाही, बरं वाटल्याचं अजूनही नाही. फाटकावरचं तेवढं सांगितलं. तो गिऱ्हाइकासाठी कापड मोजत होता. म्हणाला, ‘तू लिहून दिलं नाहीस त्याचा राग नव्हता रे. घरी आला नाहीस त्याचा होता. अम्मा विचारायची.’ मी विचारलं, त्या दिवशी फेक म्हटलं असतं तर फेकली असतीस? तो हसला. ‘नहीं फेंकता. पागल है क्या?’

मग माझ्या त्या सहाव्या पर्यायाला अर्थ काय उरला? तो ऐकणार नव्हता आणि मी पुढे जाऊन पर्यवेक्षकांना सांगणारही नव्हतो, हे दोन्ही मला माहीत आहे. तरी म्हणायला हवं होतं असं मला वाटतं. निदान मग मी मागच्या बाकावर बसलो असतो, तो त्या चिटीतला भागीदार म्हणून नव्हे. पण हेही पुन्हा माझ्याच सोयीचं झालं का? बरं वाटल्याची गोष्ट त्याला सांगायची राहिली आहे. ती सांगण्यात त्याचा फायदा किती आणि माझा किती, याचा हिशोब मला अजून जमलेला नाही.