भिंत तिरकी, दोष लेन्सला

दोन फोटो समोर ठेवतोस, "सर, कोणती घेऊ?" विचारतोस आणि मी तोंड उघडायच्या आत निकालही सांगतोस की नव्या लेन्सच्या कडा मऊ आहेत, जुनीच बरी. अरे, हातात काय घेऊन आलास ते तरी बघितलंस का? जुनी म्हणजे कॅननची ५० एमएम एफ १.८ टू, १९९०ची. नवी म्हणजे २०१५मध्ये तिच्याच जागी आलेली एसटीएम. दोन्हींत सहा काचा पाच गटांत, मांडणी तीच. नवीत लेप सुधारला, मोटर बदलली, अ‍ॅपर्चरची ब्लेड बदलली, माउंट प्लास्टिकऐवजी धातूचं झालं. काचांची मांडणीच एक असताना कडांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक दिसतो, तेव्हा शंका आधी आपल्या हातावर घ्यायची असते. तू ती थेट लेन्सवर घेतलीस.

आता फोटो बघ. जुन्या लेन्सने तू सक्करदरा तलावाजवळची भिंत सकाळी, एफ ४ वर काढलीस. नव्या लेन्सने तीच भिंत संध्याकाळी, हातात कॅमेरा धरून, एफ १.८ वर. याला तुलना म्हणतात का? आणि वरून मला पाठवलेस व्हॉट्सअ‍ॅपवर! तिथे फोटो लहान होऊन, दाबला जाऊन येतो. त्यात कडांची धार शोधतोस?

दुसऱ्या फोटोत डावीकडच्या विटा मऊ आणि उजवीकडच्या ठीक आहेत. एवढ्यावरून तुला कळायला हवं होतं. तुझ्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ही लेन्स दोन मीटरवरून साधारण ९० सेंटीमीटर रुंदीची भिंत टिपते. एफ १.८ वर तिथे फोकसमध्ये दिसणारी जाडी पुढची-मागची मिळून अकरा सेंटीमीटरच्या आसपास. कॅमेरा पाच अंश जरी तिरका राहिला, तरी एक कड चार सेंटीमीटर पुढे येते आणि दुसरी तेवढीच मागे जाते. फोटो मोठा करून बघितला की हा फरक लगेच उघडा पडतो. आणि फोकस दोन कडांच्या बरोबर मध्ये बसला नसेल, तर एकच बाजू मऊ दिसते. तुझ्या फोटोत तेच झालंय.

म्हणून हे नीट ऐक. भिंतीवर मधोमध छोटा आरसा सपाट चिकटव. चारही कोपऱ्यांत छापील वर्तमानपत्राची पानं लाव. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेव आणि आरशात लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत हलव. तेव्हा कॅमेरा भिंतीसमोर सरळ झाला. ऑटोफोकस बंद कर. लाइव्ह व्ह्यूमध्ये दहापट मोठं करून आरशाशेजारच्या अक्षरांवर हाताने फोकस लाव, आरशातल्या प्रतिबिंबावर नको. शटर टायमरवर सोड. मग दोन्ही लेन्सने एफ १.८, २.८ आणि ४, दर वेळी फोकस नव्याने लावून. कॅमेऱ्यातली लेन्स-दुरुस्ती बंद, फाइल रॉ.

एखादी बाजू तरीही मऊ आली, तर कॅमेरा उभा करून परत काढ. मऊपणा भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर भिंत अजून तिरकी आहे. कॅमेऱ्याबरोबर फिरून वर किंवा खाली गेला, तर त्या लेन्सची एखादी काच जागेवरून सरकलेली आहे. जुनी लेन्स सेकंडहँड घेताना खरी भीती हीच असते, आणि तू ती तपासलीसुद्धा नाहीस.

आता तुझा तो बुधवार बाजारातला दिव्यांचा फोटो. "नवीचा ब्लर जास्त गोड आहे" म्हणतोस. एका फोटोत माणूस दीड मीटरवर, दुसऱ्यात तीन मीटरवर उभा केलास. माणूस जवळ आला की मागचे दिवे मोठे फुटणारच, त्यात लेन्सचं श्रेय काय? एफ १.८ वर दोन्हींचा ब्लर जवळजवळ सारखाच येईल, कारण तिथे ब्लेड मध्ये येतच नाहीत. कोपऱ्यातले दिवेही दोन्हींत बदामासारखे चपटे होतील. फरक अ‍ॅपर्चर लहान केल्यावर दिसतो. जुनीत पाच सरळ ब्लेड आहेत, म्हणून एफ २.८ वर दिव्यांचे पंचकोन होतात. नवीत सात गोलसर ब्लेड आहेत, तिथे ते बरेच गोल राहतात. माणूस, दिवे आणि तू, तिघांच्या जागा न हलवता एफ २.८ वर दोन फोटो काढ, मग बोल.

तू लग्नाची कामं घेतोस. मांडवात दोघांचे चेहरे धारदार हवेत म्हणून एफ २.८ वर जाशीलच, आणि मागे लाइटिंगच्या माळा असतील. तिथे पंचकोन खुपतात. शिवाय जुनीची मोटर आवाज करते आणि अंधारात फोकससाठी पुढे-मागे घुटमळते. या कारणांसाठी नवी घे. कडांचं कारण मला परत सांगू नकोस, आणि ट्रायपॉडवरचे फोटो पेनड्राइव्हवर आणल्याशिवाय दुकानात पैसे देऊ नकोस.