नळाचा अर्ज आणि जागेचा कागद

वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाच्या खाणीचे आणि चुनाभट्ट्यांचे गाव. खाणीच्या गावात सगळ्या जमिनीचा धनी एक नसतो. काही जागा गावठाणातली असते, काही सरकारी, तर काही खाणीसाठी संपादित झालेली. त्यामुळे नवे घर बांधून कुणी ग्रामपंचायतीकडे नळजोडणीचा अर्ज केला की प्रश्न पाण्यावरून जमिनीवर सरकतो. माझे म्हणणे असे की अर्जासोबत मागायचे कागद पाण्यापुरते असावेत. घर कुठे आहे, त्यात कोण राहते, पाणीपट्टी कोण भरणार आणि जलवाहिनी कुठून जाणार, एवढेच पाणी देणाऱ्याला कळायला हवे. जमिनीची मालकी हा खरा आणि महत्त्वाचा प्रश्न आहे, पण त्याचा निवाडा नळाच्या अर्जावर होऊ नये.

रीतसर अर्जात सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, यांच्या नावे विषय लिहून घराचा क्रमांक, वॉर्ड, कुटुंबातील माणसे आणि हव्या असलेल्या जोडणीचा आकार द्यावा. सोबत आधार कार्ड, घराचा नमुना 8 चा उतारा, घरपट्टीची पावती, बांधकाम परवानगी असल्यास तिची प्रत आणि जागेचा साधा नकाशा जोडावा. वाहिनी शेजाऱ्याच्या अंगणातून जाणार असेल तर त्याची लेखी संमतीही लागते. नव्या घराची अडचण नेमकी नमुना 8 पाशी येते. घराची आकारणी अजून झालेली नसते, म्हणून उतारा नसतो, आणि उतारा नाही म्हणून नळ नाही. यावर उपाय म्हणजे घराची नोंद व आकारणी करण्याचा अर्ज आधी द्यायचा आणि त्याचा आवक क्रमांक नळाच्या अर्जात संदर्भ म्हणून लिहायचा. नमुना 8 हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. तरीही अनेक ठिकाणी अर्जदार आणि कार्यालय दोघेही त्याला सातबाऱ्याचा मान देतात, आणि गुंता तिथूनच सुरू होतो.

कागद पाण्यापुरतेच मागावेत, यावर पहिला आक्षेप असा की परवानगी नसलेल्या घराला नळ दिला तर अतिक्रमणाला बळ मिळते. मुंबईत हाच वाद पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात नेला. राज्य सरकारच्या 1996 च्या परिपत्रकाने अनधिकृत झोपड्यांना पाणी देण्यावर बंधन घातले होते. डिसेंबर 2014 मध्ये न्यायालयाने पाणी हा घटनेच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आणि अशा वस्त्यांसाठी धोरण आखायला महापालिकेला बजावले. मात्र अधिकृत घरासारखाच पुरवठा मागता येणार नाही आणि दर जास्त लावता येईल, हेही तिथेच स्पष्ट केले. मला हा तोल पटतो. अतिक्रमण हटवण्यासाठी ग्रामपंचायत अधिनियमात 53 वे कलम आहे, ते वापरावे. तहान हे कारवाईचे हत्यार होऊ शकत नाही. शिवाय नळ नाकारल्याने घर पडत नाही. ते कुटुंब रात्री वाहिनीला भोक पाडून जोड घेते, जोड गळतो, पुरवठा बंद असताना त्यातूनच गटाराचे पाणी आत शिरते आणि परवानगी घेऊन बांधलेल्या शेजारच्या घरातही तेच जाते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पाणी मुळातच कमी असताना नव्या जोडण्या द्यायच्या कशातून? जलजीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला 55 लिटरचा आहे. पाच माणसांच्या घराला 275 लिटर लागतात, आणि कागद असो वा नसो, ती पाच माणसे कुठूनतरी पाणी घेणारच. नोंद झाली तर योजनेला खरी गरज कळते आणि पाणीपट्टीही मिळते. पण इथे अर्जदारही काही देणे लागतो. नळाला थेट मोटर लावली की टोकाच्या घरांना धार मिळत नाही. म्हणून मोटर लावणार नाही आणि पिण्याचे पाणी बांधकामाला वा धंद्याला वापरणार नाही, असे हमीपत्रात मनापासून लिहावे. नातेवाइकाच्या जुन्या घराची पावती जोडून जोडणी मिळवणे ही त्या टोकाच्या घराचीही फसवणूकच ठरते, कारण मग हिशेबात एक घर कमी दिसते.

जागेचा कागद नसेल तर अर्जात तसे सरळ लिहावे, आणि या जोडणीमुळे जागेवर आपला कोणताही हक्क निर्माण होत नाही, हे वाक्यही घालावे. अर्ज दोन प्रतींत करून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यावा. नकार मिळाला तर तोही लेखी आणि कारणासह मागावा. ते कारण हाती असले तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे बोट ठेवून तक्रार करता येते. तोंडी ‘बघू’वर तसे बोट ठेवायला जागाच नसते.